काचांच्या खोक्यावरचं 'सातारा' : एका पत्रामागची पार्श्वभूमी

आजोबांच्या माळ्यावरून निघालेल्या काचेच्या निगेटिव्ह नेमक्या कुठल्या आणि कधीच्या, हे ठरवायला मदत करा, असं पत्र एका नातवाने पुराभिलेखागाराला लिहिलं आहे. काचांवर एक अक्षर नाही. आधार आहे तो दोन खोक्यांच्या झाकणांचा. एकावर शाईने 'जि. सातारा', दुसऱ्यावर 'द. सातारा'.

जिलेटिन लावलेल्या तयार काचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळू लागल्या. आजोबांचं काम त्यानंतरचं. गाडं अडलंय ते 'सातारा' या शब्दावर.

1949 आधी सातारा जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. तासगाव, वाळवा त्यातच. सांगली मात्र पटवर्धनांचं संस्थान, म्हणजे जिल्ह्याबाहेर. संस्थानं विलीन झाल्यावर 1949 मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं, उत्तरेकडचा पुन्हा नुसता सातारा. त्यामुळे 'द. सातारा' हे लेबल जवळपास अकरा वर्षांच्या फटीत बसतं, पण 'जि. सातारा' 1949 पूर्वीचंही असेल किंवा 1960 नंतरचंही.

'जि. सातारा' खोक्यातली एक काच घ्या. बाजारपेठ, पाठीमागे सात मजली गोपुर. म्हणजे तासगावचा गणपती. जागेबद्दल शंका नको. 1960 नंतर तासगाव सांगली जिल्ह्यात, तेव्हा त्यावर कोणी 'जि. सातारा' लिहिणार नाही. लेबल या काचेसाठीच लिहिलं असेल, तर ती 1949 आधीची ठरते.

सगळा भार त्या 'तर'वर आहे, कारण रिकामी खोकी पुन्हा पुन्हा वापरली जात. त्यातच घरच्या एका वडीलधाऱ्यांनी काही काचा 'नीट लावून' ठेवल्या. हेतू चांगला असेल, पण मूळ क्रम मोडला आणि लेबलाची साक्ष निम्मी झाली. म्हणून पत्रात प्रत्येक काच आज कुठल्या खोक्यात आहे ते लिहिलंय, आणि हलवलेल्या काचांपुढे फुली.

दुकानाची पाटी उलटी दिसते, ही तक्रारही पत्रात होती. ती नंतर काढली. मुलामा लावलेली मंद बाजू आपल्याकडे धरली की अक्षरं उलटीच दिसणार. चकचकीत बाजू आपल्याकडे करून उजेडासमोर धरली की पाटी सरळ वाचता येते. आणि ठशात काळं दिसणारं पागोटं काळंच असेल असं नाही. त्या वेळच्या बऱ्याच काचांना लाल रंग दिसत नसे, तो ठशात काळा उतरे.

पत्रातला शेवटचा प्रश्न असा : तासगावच्या पेठेचे, तारीख पक्की असलेले फोटो तुमच्याकडे आहेत का? गोपुर दोन्हीकडे तेच असणार. जुळवायच्या आहेत त्या त्याच्या पायथ्याच्या दुकानांच्या पाट्या आणि विजेचे खांब.