२४ तास ॲडमिट नसलं तर मेडिक्लेम बुडतो?

"२४ तास ॲडमिट राहिल्याशिवाय मेडिक्लेम मिळत नाही, संध्याकाळी घरी पाठवलं तर सगळा खर्च आपल्याच खिशातून."

आमच्याकडे नागपुरात डे सर्जरी सुरू झाली तेव्हापासून रोज कोणी नं कोणी हेच विचारून राहिलं. समज हवेतून आलेला नाही, साध्या ॲडमिशनला बहुतेक पॉलिसीत २४ तासांची अट असतेच. पण त्याच कागदात 'डे केअर ट्रीटमेंट'ची व्याख्या वेगळी दिलेली असते: भूल देऊन केलेलं ऑपरेशन, जे आधी जास्त दिवस ठेवून करावं लागायचं आणि आता नव्या तंत्रामुळे एका दिवसात होतं, ते चालतं. ओपीडीतलं काम, म्हणजे टाके काढणं वगैरे, यात बसत नाही.

समजा काटोलचे एक काका हर्नियासाठी सकाळी ७ ला आले, ९ ला ऑपरेशन, संध्याकाळी लघवी झाली, चालले, चहा-टोस्ट पचला, ६ ला घरी. हा क्लेम डे केअरमध्ये बसतो. अडकतो तो भलतीकडेच, पॉलिसी नवी असली तर हर्निया, मोतीबिंदूला बहुतेक ठिकाणी वेटिंग पिरियड असतो, तो रात्रभर राहूनही टळत नाही. म्हणून पॉलिसीत ही दोन पानं आधी बघा, आणि कॅशलेसची परवानगी ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधीच मागा.

रेफर करणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती, चिठ्ठीत त्रास कधीपासून ते नेमकं लिहा. नुसतं 'बऱ्याच दिवसांपासून' लिहिलं की कंपनीची क्वेरी आलीच समजा.