उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा आधी का बिघडतं?

गेल्या मे महिन्यात एका गुरुवारी वहिनीने फ्रिजमधून चार उकडलेली अंडी काढून माझ्यासमोर ठेवली. "भावजी, रविवारची आहेत. खायची की टाकायची?" रविवारी दुपारी अंड्याची शाकुती केली होती, तिच्यासाठी उकडलेल्या अंड्यांपैकी ही उरली. सोमवारी घरात शिवराक, मंगळवारी बाजारातून बांगडे आले, आणि अंडी मागेच पडली. दोन सोललेली होती, दोन कवचासकट. तिचं पुढचं वाक्य मात्र मी बऱ्याच घरांतून ऐकलेलं आहे: "उकडलीत ना, मग कच्च्यापेक्षा जास्त टिकायला हवीत."

नेमकं उलट आहे. कच्चं अंडं फ्रिजमध्ये तीन ते पाच आठवडे राहतं. उकडलेलं अंडं, सोललेलं असो वा कवचासकट, जास्तीत जास्त सात दिवस. ही मर्यादा अमेरिकेच्या कृषी विभागाने घालून दिली आहे आणि ती चार अंश सेल्सिअसच्या आसपास चालणाऱ्या फ्रिजसाठी आहे. शिजवल्यावर जंतू मरतात हे खरं. मग आयुष्य कमी का होतं?

कच्चं अंडं हा एक बंदोबस्त असलेला किल्ला आहे. कवचाला 7,000 ते 17,000 सूक्ष्म छिद्रं असतात, कारण आत वाढणाऱ्या पिलाला श्वास घ्यायचा असतो. कोंबडी अंडं घालते तेव्हा या छिद्रांवर एक पातळ थर बसतो, तो वाळला की दारं बऱ्यापैकी बंद होतात. त्यातूनही जंतू आत शिरला तर पांढऱ्यात त्याची गाठ दोन प्रथिनांशी पडते. एक लायसोझाइम, जे काही जातींच्या जंतूंची भिंतच फोडतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये, म्हणजे पेनिसिलिनच्या आधी, याच पदार्थाचं वर्णन केलं होतं. दुसरं ओव्होट्रान्सफेरिन, आणि मला हे जास्त आवडतं. ते कोणाला मारत नाही. जंतूला वाढायला लोह लागतं, आणि हे प्रथिन पांढऱ्यातलं लोह आपल्याकडे घट्ट धरून ठेवतं. जंतू आत येतो, पण उपाशी राहतो.

अंडं उकळत्या पाण्यात पडलं की हा बंदोबस्त मोडतो. वरचा थर जातो. प्रथिनांच्या घड्या उलगडतात, म्हणून तर पांढरं घट्ट होतं, आणि घडी उलगडलेलं प्रथिन आपलं काम करू शकत नाही. आतले जंतू मेले, पण नव्याने येणाऱ्याला अडवणारंही कोणी उरलं नाही. नवा जंतू येतो कुठून, ते गॅसजवळ उभं राहिलं तर डोळ्यांनी दिसतं.

पातेल्यातल्या अंड्याच्या बोथट टोकाकडे नीट बघा. पाणी तापायला लागलं की तिथून बारीक बुडबुड्यांची माळ वर चढते. त्या टोकाला आत हवेचा कप्पा असतो. तापलेली हवा फुगते आणि छिद्रांतून बाहेर पडते. अंडं पूर्ण तापतं तेव्हा कप्प्यात थोडी हवा आणि बरीच वाफ असते. आता ते थंड पाण्यात टाकलं की वाफेचं पाणी होतं, उरलेली हवा आकसते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. कवचाबाहेर हवा असती तर हवा आत गेली असती. बाहेर पाणी आहे, म्हणून पाणी आत ओढलं जातं, आणि पाण्यात जे असेल तेही. थंड पाण्यात ठेवलेलं अंडं सोलताना बोथट टोकाकडे कधी कधी एखादा थेंब सापडतो, तो असाच आत आलेला असतो.

म्हणून अंडी लवकर थंड करायची, पण पिण्याच्या पाण्यात. आपल्याकडे कित्येक घरांत वापरायला विहिरीचं पाणी असतं, आणि नेमकं तेच बादलीतून काढून पातेल्यात ओतलं जातं. ते टाळावं. थंड झाली की लगेच पुसून कोरडी करावी, कारण ओल्या कवचावरून जंतूला छिद्रापर्यंत पोचणं सोपं जातं. मग दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. बाहेर पारा 32 अंशांच्या वर असेल, म्हणजे आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी, तर एका तासाच्या आत. फ्रिजच्या दारातला अंड्यांचा ट्रे यासाठी वाईट जागा आहे, दार उघडलं की तोच आधी तापतो. आतल्या कप्प्यात डब्यात ठेवावी आणि कवचावर पेन्सिलीने तारीख लिहावी.

सोललेल्या अंड्याचा प्रश्न वेगळा आहे. सोलताना आपल्या बोटांवरचे जंतू थेट ओलसर, प्रथिनांनी भरलेल्या पृष्ठभागावर जातात. शिवाय ते उघडं ठेवलं तर वाळतं आणि शेजारच्या सुक्या मासळीचा वास पकडतं. सात दिवसांची मर्यादा त्यालाही लागू असली तरी घरच्या फ्रिजसाठी मी दोन दिवस धरतो. धुतलेल्या हातांनी सोलून, झाकणाच्या डब्यात, वर स्वच्छ ओलसर कागदी रुमाल घालून. पाण्यात बुडवून ठेवू नये.

वहिनीच्या अंड्यांकडे परत येतो. सोललेली दोन रविवारी दीड वाजल्यापासून चार वाजेपर्यंत टेबलावरच होती, हे विचारल्यावर कळलं. म्हणजे ती त्याच दिवशी बाद झाली होती, कारण नंतर फ्रिजमध्ये ठेवल्याने वाढलेले जंतू कमी होत नाहीत. हात लावला तर बुळबुळीत चिकट, बोट उचलताना तार येत होती. वास आंबूस. गुलाबी, हिरवट चमकणारे किंवा काळे डाग दिसले असते तर तीही बिघडल्याचीच खूण.

कवचासकट असलेली दोन मी सोलली. पांढरं कोरडं, घट्ट. सोलताना गंधकाचा हलका वास आला आणि मिनिटभरात विरला. हा उकडल्याचा वास. सडलेल्या अंड्याचा वास विरत नाही, खोलीत पसरतो. आत बलकाभोवती हिरवट-करडी कड होती, आणि "हिरवी कड म्हणजे विष" असा व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप वहिनीने मला लगेच दाखवला. तो साफ खोटा आहे. जास्त वेळ उकळल्यावर पांढऱ्यातला गंधक बलकातल्या लोहाला मिळतो आणि आयर्न सल्फाइड तयार होतं. ते खाऊन काही होत नाही. अंडं पाण्यात तरंगतं का हे बघण्याची परीक्षाही इथे उपयोगाची नाही. तरंगणं हवेचा कप्पा मोठा झाल्याचं सांगतं, जंतूंचं नाही.

वासाची परीक्षाही एका बाबतीत अपुरी पडते. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि वास, रंग, चव काहीच बदलत नाही. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेत सोलून डब्यांत भरलेल्या उकडलेल्या अंड्यांतून त्याची लागण झाली होती. गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना तो जिवावर उठतो. म्हणून सात दिवसांचा हिशेब नाकावर सोडता येत नाही, तारखेनेच ठेवावा लागतो. पावसाळ्यात वीज गेली आणि फ्रिज चार तासांहून जास्त बंद राहिला, तर तारीखही मोजायची नाही, अंडी टाकायची.

ती दोन अंडी चौथ्या दिवसाची होती. मीठ-मिरपूड लावून आम्ही ती तिथेच खाल्ली, सोललेली दोन कागदात गुंडाळून कचऱ्यात गेली, आणि डबा वहिनीने गरम पाण्याने साबण लावून धुतला.