अस्वीकार क्षेत्र की पी-व्हॅल्यू? घंटाकृती वक्रावर नेमकं काय रंगवायचं

एक-नमुना झेड चाचणीचं गणित बहुतेकांना जमतं. गोंधळ आकृतीत होतो. वहीत वक्र काढलेला असतो, दोन्ही शेपट्या पेन्सिलने काळ्या केलेल्या असतात, फोटो काढून पाठवलेला असतो, आणि तपासणाऱ्याला कळत नाही की हे अस्वीकार क्षेत्र आहे की पी-व्हॅल्यू. दोन्ही गोष्टी शेपटीतच असतात, दोन्ही क्षेत्रफळंच असतात, म्हणून घोळ होतो.

उदाहरण घेऊ. बाटल्या भरणारं यंत्र प्रत्येक बाटलीत सरासरी 500 मिली भरतं असा दावा आहे. जुन्या नोंदींवरून यंत्राचं प्रमाण विचलन 6 मिली असल्याचं माहीत आहे. 36 बाटल्या मोजल्या, सरासरी निघाली 502.2. सरासरी 500 पेक्षा कमी असो वा जास्त, दोन्ही चालणार नाही, म्हणून चाचणी दुहेरी शेपटीची, आणि α = 0.05.

```
σ/√n = 6/√36 = 1
z = (502.2 − 500)/1 = 2.2
```

आता वक्र. त्याचं शिखर 500 वर, म्हणजे z = 0 वर येतं, 502.2 वर नाही, कारण हा वक्र शून्य परिकल्पना खरी धरून काढलेला आहे. त्याची रुंदीही 6 ची नसून 1 ची, कारण हे एकेका बाटलीचं नाही, 36 बाटल्यांच्या सरासरीचं वितरण आहे. ही दुसरी चूक आकृतीत चटकन पकडता येते: 6 ची रुंदी धरली तर 502.2 शिखराच्या अगदी जवळ दिसतो आणि काही विशेष घडलंय असं वाटतच नाही.

अस्वीकार क्षेत्राला आपल्या 36 बाटल्यांशी काही देणंघेणं नाही. ते α वरून ठरतं, आणि बाटल्या मोजण्याआधीच ठरायला हवं. α = 0.05 दोन्ही बाजूंना वाटला की प्रत्येक शेपटीत 0.025 येतात आणि सीमा पडतात −1.96 व 1.96 वर, म्हणजे 498.04 आणि 501.96 मिलीवर. त्यांच्या बाहेरचं सगळं रंगवायचं.

पी-व्हॅल्यू मात्र निरीक्षणावरून निघते. रेघ 2.2 वर आणि तिची जोडीदार −2.2 वर. बाहेरचं क्षेत्र प्रत्येकी 0.0139, दोन्ही मिळून सुमारे 0.028. उजवीकडचंच क्षेत्र रंगवून थांबलात तर पी-व्हॅल्यू निम्मी होते, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त वेळा दिसते.

दोन्ही एकाच वक्रावर रंगवले की पी-व्हॅल्यूचा तुकडा अस्वीकार क्षेत्राच्या पोटात पूर्ण मावतो. म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची. आता α = 0.01 धरून बघा. सीमा सरकून 2.576 वर जाते, पण पी-व्हॅल्यूचा तुकडा जागचा हलत नाही. आता उलट अस्वीकार क्षेत्रच त्याच्या पोटात जातं, आणि शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. बाटल्या त्याच, सरासरी तीच, बदलली ती आपली अट. आकडे पाहून अट बदलणं हा अर्थातच खोटेपणा; निकाल हवा तसा लागला नाही म्हणून सीमा सरकवायची नसते.

हातानं वक्र काढताना सीमा कुठे मारायची, याला एक सोपा आधार आहे. वक्र जिथे आपला बाक बदलतो ते बिंदू बरोबर −1 आणि 1 वर असतात. शिखरापासून त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर 1.96. तिथे वक्राची उंची शिखराच्या साधारण सातवा भाग उरते. पुष्कळांच्या आकृतीत सीमा वक्राच्या अर्ध्या उंचीवर असते, मग 5 टक्क्यांऐवजी पाव वक्र काळा दिसतो.

फोटोची स्वतःची गंमत वेगळीच. पेन्सिलची पुसट छटा प्रकाशात उडून जाते, आणि मोबाइल धरलेल्या हाताची सावली नेमकी एका शेपटीवर पडली की एकेरी चाचणीची आकृती दुहेरी वाटू शकते. म्हणून रंग भरण्याऐवजी पेनाने तिरप्या रेघा माराव्यात: अस्वीकार क्षेत्राला एका दिशेच्या, पी-व्हॅल्यूला उलट दिशेच्या. जिथे दोन्ही येतात तिथे जाळी दिसते, आणि ती सावलीतही ओळखू येते. सीमेखाली −1.96 आणि 1.96, निरीक्षणाखाली 2.2 लिहायचं, आणि अक्ष z चा आहे की मिलीचा तेही. एकाच अक्षावर 1.96 आणि 502.2 शेजारी लिहिलेले असले की पुढचं काही तपासावंसं वाटत नाही.

हे सगळं 6 मिली हा आकडा बाहेरून माहीत होता म्हणून. तोच 36 बाटल्यांवरून काढला असता तर वक्र टी-वितरणाचा, शेपट्या थोड्या जाड, आणि 0.05 साठी सीमा 1.96 ऐवजी सुमारे 2.03 वर.