क्षीरसागर ‘ख’च्या आधी का?

आमच्या सोसायटीच्या सभासदांची यादी संगणकाने ‘अकारविल्हे’ लावून दिली. क्षीरसागर आडनाव शेवटच्या पानावर सापडेना. ते खरेंच्या आधी बसलं होतं! यादी करणाऱ्याला वाटलं फॉन्ट बिघडला. फॉन्टचा इथे काही संबंध नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. ‘क्ष’ला मात्र स्वतःचा क्रमांकच नाही. तो तीन चिन्हांचा मिळून होतो, क, हलन्ताची खूण आणि ष:

```
क  U+0915
्  U+094D
ष  U+0937
```

साधं सॉर्टिंग डावीकडून एकेक क्रमांक ताडून पाहतं. क्षीरसागरचा पहिला क्रमांक ‘क’चाच, म्हणून तो ‘ख’च्या (U+0916) मागे जाणं शक्यच नाही. हलन्ताचा क्रमांक का, कि, की पासून कौ पर्यंतच्या सगळ्या मात्रांहून मोठा आहे. त्यामुळे क्षीरसागर कोरेंच्या खाली आणि खरेंच्या वर येतो. ज्ञानेश्वरही असाच ‘ज’च्या शेपटाला लागतो.

‘ळ’ची गोष्ट वेगळी. त्याला क्रमांक आहे, पण ‘ल’च्या लगेच नंतरचा. युनिकोडची देवनागरी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावर बेतलेली आहे, आणि ते कोष्टक सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच होतं. आपण मात्र शाळेत ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ घोकलेलं. म्हणून क्रमांकांच्या हिशेबाने काळे, कावळे, क्षीरसागर, खरे, हळबे असा क्रम लागतो. मराठी माणसाच्या हिशेबाने कावळे, काळे, खरे, हळबे, क्षीरसागर.

तेव्हा क्रमांक बदलायचे नसतात, तुलनेचा नियम बदलायचा. तो भाषेगणिक वेगळा असतो, कारण त्याच लिपीत हिंदी ‘क्ष’ला ‘क’मध्येच ठेवते. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर एवढं पुरतं:

```
SELECT naav FROM sabhasad
ORDER BY naav COLLATE "mr-x-icu";
```

साठवतानाही गंमत आहे. डोळ्यांना क्षीरसागरमध्ये पाच अक्षरं दिसतात. युनिकोड नऊ चिन्हं मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये त्यांचे सत्तावीस बाइट होतात. रकाना पंचवीस बाइटचा असेल तर शेवटचा ‘र’ गळतो. नावातली अक्षरं मोजून भाग्य सांगणाऱ्या अंकज्योतिषांनी यातला कोणता आकडा धरायचा, तेही ठरवून टाकावं.

नियम बरोबर असूनही एक खोडी उरते. कऱ्हाडे हे आडनाव ‘ऱ’ (U+0931) वापरून लिहिता येतं, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (U+200D) देऊनही. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, पण एक शोधलं की दुसरं सापडत नाही. युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक मानत नाही. नाव आत घेतानाच र, हलन्त आणि ते जोडचिन्ह एवढ्या क्रमाच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालावे लागतात. जोडचिन्ह सरसकट पुसून मात्र चालत नाही, कारण मग कऱ्हाडेंचे ‘कर्हाडे’ होतात.