मोकळ्या टोकाला उरलेले ९०

रिअ‍ॅक्शन, म्हणजे आधार तुळईला देतात ती बलं, चुकल्या की पुढचं सगळं चुकलं, म्हणून पुढचे गुणही गेले. तुळईच्या गणिताबद्दलचा हा समज शिकणाऱ्यांमध्ये घट्ट बसलेला आहेच, पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्या अनेकांच्याही हातात तो मुरलेला दिसतो. मला तो अजिबात मान्य नाही. शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्यांची एकमेकींशी इतकी पक्की गाठ असते, की मूळ आकडा चुकला तरी पुढचं काम बरोबर झालं की नाही हे स्वतंत्रपणे तपासता येतं. शिवाय कुठे चुकलं, हेही आकृतीच बऱ्याचदा सांगते.

एक प्रश्न घेऊ. A आणि B या दोन आधारांवर तुळई टेकलेली आहे, दोन्हींत ६ मीटर अंतर. B च्या पुढे २ मीटर तुळई मोकळी लोंबते, तिचं टोक C. A ते B भागावर दर मीटरला १० किलोन्यूटन असा सारखा पसरलेला भार आणि C वर १५ किलोन्यूटनचा एकच भार.

A भोवती मोमेंट, म्हणजे भार गुणिले अंतर, घ्या. पसरलेला भार एकूण ६० आणि तो ३ मीटरवर धरायचा, म्हणजे १८०. टोकाचा भार १५ गुणिले ८, म्हणजे १२०. बेरीज ३००, भागिले ६. B ची रिअ‍ॅक्शन ५० आली आणि एकूण ७५ पैकी A च्या वाट्याला २५ राहिले.

आता तुळईला मनातल्या मनात कुठेही उभा छेद द्या. डावीकडचा तुकडा जागेवर राहायचा असेल तर त्याला खाली-वर सरकू न देणारं बल आणि फिरू न देणारा मोमेंट, या दोन्ही गोष्टी उजव्या तुकड्याने पुरवायला हव्यात. पहिलं शिअर फोर्स, दुसरा बेंडिंग मोमेंट. शिअर A पाशी २५ ने सुरू होतो, दर मीटरला १० ने उतरतो, अडीच मीटरवर शून्य होतो आणि B च्या अलीकडे उणे ३५ वर पोचतो. B ची ५० ची रिअ‍ॅक्शन त्याला एकदम अधिक १५ वर उचलते. तिथून C पर्यंत तो सपाट जातो आणि टोकाचा भार त्याला शून्यावर आणतो.

या दोन आकृत्यांमधलं नातं जर्मन अभियंता श्वेडलर यांनी १८५१ मध्ये मांडलं: dM/dx = V. मोमेंटच्या रेषेचा चढ म्हणजे त्या जागचा शिअर. उलट बाजूने पाहिलं तर शिअरच्या आकृतीखालचं क्षेत्रफळ म्हणजे मोमेंटमधला बदल. पासबुकात शिअर ही जमा-खर्चाची नोंद धरली, तर मोमेंट ही शिल्लक. पहिला त्रिकोण २५ गुणिले २.५ भागिले २, म्हणजे ३१.२५ जमा. दुसरा ३५ गुणिले ३.५ भागिले २, म्हणजे ६१.२५ खर्च. B वर शिल्लक उणे ३०. पुढचा आयत १५ गुणिले २, म्हणजे ३० जमा, आणि C वर शिल्लक शून्य. मोकळ्या टोकाला मोमेंट शून्यच असायला हवा, कारण त्याच्या पुढे धरून ठेवायला काहीच नाही.

मोमेंट ५ मीटरवर शून्यातून खाली उतरतो. त्याच्या अलीकडे तुळईची खालची बाजू ताणली जाते आणि पलीकडे वरची. काँक्रीटच्या तुळईत मुख्य सळ्या कुठे खाली आणि कुठे वर घालायच्या हे इथे ठरतं. ‘दोन मिनिटांत उत्तर’ असल्या युक्त्यांमध्ये पसरलेल्या भाराचं पाठ केलेलं सूत्र लावून मधोमध ४५ काढून देतात. प्रत्यक्षात मोठ्यात मोठा धन मोमेंट ३१.२५ आहे, तोही मधोमध नाही, आणि B वर उणे ३० आहे याचा त्या युक्तीला पत्ताच नसतो.

आता चुकलेली उत्तरपत्रिका. विद्यार्थ्याने टोकाच्या भाराचं अंतर A पासून ८ घेण्याऐवजी B पासून २ घेतलं. १८० अधिक ३० म्हणजे २१०. B वर ३५ आले, A वर ४०. शिअर ४० पासून उतरत ४ मीटरवर शून्य, B च्या अलीकडे उणे २०, पलीकडे अधिक १५ आणि टोकाला शून्य. आकृती नीट मिटली! कारण A ची रिअ‍ॅक्शन त्याने एकूण भारातून वजा करून काढली होती. शिअरची आकृती मिटणं म्हणजे खाली-वरचा समतोल जुळणं, त्यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नाही.

मोमेंटकडे वळा. ४ मीटरवर ८०, B वर ६० आणि C वर ९०. मोकळ्या टोकाला ९० येणं शक्यच नाही. आणि हा आकडा कुठून आला ते पाहा: अंतर ६ मीटरने कमी घेतलं होतं, भार १५ होता, १५ गुणिले ६ म्हणजे ९०. सुटलेला मोमेंट जसाच्या तसा टोकाला येऊन उभा राहिला. मला या गणितातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

मग गुण कसे द्यायचे? समजा दहापैकी रिअ‍ॅक्शनला २, शिअरला ३, मोमेंटला ३ आणि शिअर शून्य होण्याच्या व मोमेंट चिन्ह बदलण्याच्या जागांना २. या विद्यार्थ्याचा रिअ‍ॅक्शनमधला १ जातो. शिअरचे पूर्ण ३ मिळतात, कारण त्याच्या आकड्यांशी आकृती जुळते. ४ मीटर हे उत्तरही त्याच्यापुरतं बरोबर आहे, आणि त्याच्या आकृतीत मोमेंट चिन्ह बदलतच नाही, हे त्याने लिहिलं तर तेही. टोकाला ९० ठेवून गप्प बसला तर मोमेंटमधला १ मी कापेन. ‘इथे शून्य यायला हवं होतं, रिअ‍ॅक्शन तपासावी लागेल’ असं लिहिलं तर कापणार नाही. पण B वरच्या ६० पासून रेघ ओढून C वर शून्याला टेकवली, तर मोमेंटचे किमान २ गेले. तिथे शिअर अधिक १५ आहे आणि त्याची रेघ उतरते आहे. उत्तर जुळवण्यासाठी त्याने नातंच मोडलं.

संगणकावर तपासायच्या प्रश्नातही हे जमतं. शिअर शून्य होण्याची जागा २.५ शी ताडून न पाहता विद्यार्थ्याच्याच A वरच्या रिअ‍ॅक्शनला १० ने भागून येणाऱ्या आकड्याशी ताडावी. मात्र मर्यादा आहे. कोणी टोकाच्या भाराचं चिन्ह उलट घेतलं तर B वर १० आणि A वर ६५ येतात. भागाकार ६.५, म्हणजे जागा आधारांच्या मधल्या भागाबाहेर गेली. त्याच्या आकृतीत आधारांच्या मध्ये शिअर कुठेच शून्य होत नाही, म्हणून ‘अशी जागा नाही’ हा पर्याय प्रश्नात आधीच ठेवायला हवा.

आणि एक चूक या तपासणीतून निसटतेच. दर मीटरला १० ऐवजी १२ वाचलं, तर रिअ‍ॅक्शन ३१ आणि ५६ येतात, दोन्ही आकृत्या मिटतात, B वरचा मोमेंटही उणे ३० च राहतो, कारण तो फक्त लोंबत्या भागावर ठरतो. चिन्ह बदलण्याची जागा ५ वरून सुमारे ५.१७ मीटरवर सरकते. असा विद्यार्थी दिलेला भार चुकीचा वाचल्याबद्दल एकच गुण गमावेल, बाकीचे नऊ त्याचेच.