उभं राहणं आणि मूळव्याध

“दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा फुगतात, तशीच मूळव्याधही होते ना?”

पायांचं खरं आहे. निश्चल उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो; चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात आणि तो बराच उतरतो. मूळव्याध मात्र गुदद्वारातल्या रक्ताने भरलेल्या मऊ गाद्यांची. कुंथून कुंथून त्यांचा आधार सैल होतो, त्या फुगतात, खाली सरकतात. उभं राहिल्याने ओटीपोटातल्या शिरांवर थोडा भार येतो, पण मूळव्याधीचं मुख्य कारण तो नव्हे.

सलग तास घेणाऱ्या शिक्षिका, चौकातले वाहतूक पोलीस, गल्ल्यावरचे दुकानदार स्वच्छतागृहाच्या अडचणीमुळे पाणी कमी पितात, शौचाची भावना दाबतात. मल कडक होतो, मग कुंथणं आलंच. म्हणून फक्त बसायला स्टूल देऊन भागत नाही. स्वच्छतागृहात जायला वेळेवर सुट्टी हवी. शौचातून रक्त गेल्यास मूळव्याधच समजू नका, तपासून घ्या.