कॉन्फ्लिक्ट कोचिंग (एकट्याशी बसून)

ऑफिसात किंवा कारखान्यात एखाद्या सहकाऱ्याशी अवघड विषयावर बोलायचंय पण जमत नाहीये, अशा माणसासोबत एका तिसऱ्या माणसाने एकटं बसून त्या बोलण्याची तयारी करून घेणं, याला कॉन्फ्लिक्ट कोचिंग म्हणतात. मध्यस्थीत दोघंही समोर असतात, इथे एकच असतो. समुपदेशन हा शब्द काही जण वापरतात, पण तो तितकासा बसत नाही, कारण इथे मनाचा इलाज नसतो, ठरावीक एका संभाषणाची आखणी असते.

सुरुवात कुठे झाली यावर एकमत नाही. एक धागा सिडनीच्या मॅक्वारी युनिव्हर्सिटीकडे जातो. तिथे 1993च्या सुमारास एकाच पक्षासोबत वाद सोडवायची पद्धत वापरात होती आणि अ‍ॅलन टिडवेल यांनी 1997मध्ये त्याबद्दल लिहिलं. दुसरा धागा फिलाडेल्फियाच्या टेंपल युनिव्हर्सिटीचा, साधारण 1996चा, तिथे मध्यस्थीला विद्यार्थी फारसे येईनात म्हणून एकेकट्यासाठी ही सोय काढली. तिसरं नाव कॅनडातल्या सिनी नोबल यांचं, त्यांची ‘सिनर्जी’ पद्धत 1999पासूनची धरतात. तिघांनी एकमेकांचं बघून केलं असं ठामपणे म्हणता येत नाही; अडचण मात्र सारखीच होती, की एक जण बोलायला तयार आणि दुसरा येतच नाही. तारखा बघितल्या तर मॅक्वारीला आधीचा मान द्यावा लागतो, पण आज कोच लोक जी पायऱ्यांची पद्धत वापरतात तिच्यावर नोबल यांची छाप जास्त दिसते.

पद्धत समजायला कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपचं कल्पित उदाहरण घेऊ. क्वालिटीतल्या मुलीने 40 नगांच्या लॉटवर होल्डचा, म्हणजे माल पाठवू नका असा, लाल टॅग लावला, सकाळी येऊन बघते तर लॉट डिस्पॅच झालेला. रात्रपाळीचे सुपरवायझर तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी सीनियर, सगळे त्यांना दादा म्हणतात, आणि तिला त्यांच्याशी बोलायचंय.

कोच आधी विचारतो, या बोलण्यातून नक्की काय हवंय? ती म्हणते, “त्यांनी चूक कबूल करावी.” यावर कोच सल्ला देत नाही, एवढंच विचारतो की कबूल केली तर पुढच्या रात्रपाळीत काय बदलेल. दोन-तीन वेळा फिरून ती इथे येते की टॅग काढायच्या आधी मला फोन यायला हवा. आता हे मागता येतं. मग कागदावर दोन रकाने, एकात जे दिसलं ते (टॅग नव्हता, गाडी गेली), दुसऱ्यात आपण धरलेलं (मुद्दाम केलं, मला किंमत देत नाहीत). टॅग दादांनीच काढला हेही दुसऱ्याच रकान्यात जातं, कारण ते तिने बघितलेलंच नाही, आणि बहुतेकांना खरा धक्का इथेच बसतो. त्यानंतर दादांच्या जागेवरून बघायचं: गाडी दारात उभी, वरून डिस्पॅचसाठी फोन, रात्री क्वालिटीचं कोणी नाही.

मग पहिलं वाक्य. तिचा पहिला खर्डा होता, “दादा, तुम्ही नेहमी माझं काम डावलता.” ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ आले की समजायचं, बोलणं अजून दुसऱ्या रकान्यातून चाललंय. सुधारून झालं, “दादा, काल होल्डचा लॉट गेलेला दिसला, रात्री काय झालं ते तुमच्याकडून ऐकायचं होतं.” मग सराव, कोच दादा होतो, चिडतो, “मला शिकवायला आलीस का?” म्हणतो, आणि नंतर जागा बदलून तीच दादा होते. बोलायचं कधी हेही ठरवतात, पाळी बदलताना सगळ्यांसमोर तर नाहीच.

फसतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, कोच नकळत तिच्या बाजूचा वकील होतो. ती प्रत्येक वेळी खूश होऊन बाहेर पडते पण रकान्यांत लिहिलेलं काही बदलत नाही, यावरून ते कळतं. दुसरं, वाक्यं पाठ होतात, मग दादा नुसतं “सॉरी, राहून गेलं” म्हणाले तरी ती पाठ केलेलं पुढचं वाक्य म्हणतेच, म्हणून सरावात एकदा तरी समोरच्याने पटकन ऐकून घेतलंय असंही करून बघतात.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर हे साधन चालत नाही, तिथे 2013च्या कायद्याखालची अंतर्गत समिती आहे. धमकी किंवा मारहाणीची भीती असली तरी एकटीला बोलायला पाठवणं चूकच.

सांगली-साताऱ्याकडच्या छोट्या युनिटांत यासाठी वेगळा माणूस क्वचितच असणार, म्हणजे काम एचआरकडे येतं, आणि अप्रेझलही तेच लिहितात, त्यामुळे इथे बोललेलं कुणाला सांगणार आणि कुणाला नाही हे पहिल्याच बैठकीत, रकाने आखायच्या आधी, स्पष्ट ठरवून घ्यावं लागतं.